उत्तर द्या, नाहीतर डफ खाली ठेवा

व्हायवाला बसल्यावर समोरचे सर चष्म्यावरून बघतात आणि असा एक प्रश्न टाकतात की घशाला कोरड पडते. उत्तर आलं नाही तर काय होतं? चार मार्क जातात, फार तर केटी लागते. आता कल्पना करा, उत्तर आलं नाही तर तुम्हाला पाण्यात बुडवणार. किंवा गिळून टाकणार. किंवा अख्ख्या गावासमोर तुमच्या हातातला डफ काढून घेणार, आणि पुढच्या जत्रेला तुमचं नाव कुणी घेणार नाही.

जगभरच्या पुराणांत आणि लोककथांत कोड्यांच्या अशा जुगलबंद्या भरपूर आहेत. कधी राक्षस विचारतो, कधी राजा विचारतो, कधी पंख असलेली सिंहीण. आपण सगळे ते कोडं आणि उत्तर लक्षात ठेवतो. पण त्या गोष्टींत खरी मजा असते ती पणाला काय लागलंय त्यात, आणि विचारणारा स्वतः काय गमावू शकतो त्यात. हे समजून घ्यायला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. सातारा-सांगलीकडे हा खेळ जिवंत माणसांनी, डफ-तुणतुण्यावर, रात्र रात्र खेळलाय. त्याचं नाव कलगी-तुरा.

तुमच्यापैकी गावाकडच्यांनी हा शब्द ऐकला असेल. शहरातल्यांनी बहुतेक 'कलगीतुरा रंगला' असं पेपरात, दोन पुढाऱ्यांच्या भांडणाच्या बातमीत वाचला असेल. तो वाक्प्रचार इथूनच आलाय. मूळ कलगी-तुरा म्हणजे शाहिरांचे दोन पक्ष. तुरेवाले म्हणणार, शिव श्रेष्ठ, पुरुष श्रेष्ठ. कलगीवाले म्हणणार, छे, शक्ती श्रेष्ठ. आदिमाया नसती तर तुमचा शिव कुठून आला असता? दोन्हीकडचे फड समोरासमोर बसायचे. एका बाजूनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूनं गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि जवाब दिला की उलटा सवाल टाकायचा. या कवनांना 'भेदिक' म्हणतात. भेद म्हणजे इथं गुपित, आत दडवलेला अर्थ. तो फोडून दाखवायचा.

साताऱ्यातल्या पुसेसावळीचे हैबतीबुवा हे या भेदिक परंपरेतलं मोठं नाव. पुढे तमाशात सवाल-जवाब आला तोही याच मुशीतून. तमाशातला सगळ्यात गाजलेला कवी, पठ्ठे बापूराव, हाही आपल्याच पट्ट्यातला. जन्म 1866 चा, गाव रेठरे हरणाक्ष, खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. आज ते गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे. पण तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणून या विषयात 'साताऱ्याचे की सांगलीचे' असा वाद घालणाऱ्यांना खुशाल गप्प बसवा. शाहिरांच्या दृष्टीनं हा एकच मुलूख होता.

आता सवाल बांधतात कसा ते बघू. इथं कुठल्या शाहिराचं कवन देत नाही. पद्धत कळावी म्हणून एक जुनं कोडं घेऊ. ते महाभारतातलं आहे, वनपर्वातलं. राजा जनक एका पोराला विचारतो: जिचे तीस अवयव, बारा भाग, चोवीस सांधे आणि तीनशे साठ आरे आहेत, अशी वस्तू ओळखतोस का?

पहिल्यांदा ऐकलं की डोकं गरगरतं. एखादा प्राणी आहे, की रथ आहे? भेदिक गाणाऱ्याला मात्र असं गोंधळून चालत नाही. तो आधी हे ठरवतो की सवाल कुठल्या घरातला आहे. अशा सवालांची घरं ठरलेली असतात: शरीर, काळ, पुराणातली एखादी कथा, किंवा पंचमहाभूतं आणि त्यांची तत्त्वं. नऊ हा आकडा आला आणि सोबत दारं आली, की शरीर समजायचं, कारण शरीराला नवद्वारांचं नगर म्हणायची पद्धत गीतेतही आहे. बारा आला आणि सोबत तीनशे साठ आला, की काळ. मग प्रत्येक आकडा त्या घरात बसतो का ते तपासायचं. बारा भाग म्हणजे महिने. चोवीस सांधे म्हणजे पंधरवडे, महिन्याला दोन. तीस अवयव म्हणजे महिन्याचे दिवस. तीनशे साठ आरे म्हणजे वर्षाचे दिवस, बारा गुणिले तीस. चारही आकडे बसले, एकही शिल्लक राहिला नाही. उत्तर पक्कं: वर्ष, काळाचं चाक.

'एकही शिल्लक राहिला नाही' हे महत्त्वाचं. कोडं बरोबर सुटलंय की नुसता अंदाज लागलाय, हे ओळखायची हीच खूण आहे. 'वर्ष' असं नुसतं ओरडून भागत नाही. फडावर जवाब देणाऱ्याला प्रत्येक खूण सोडवून दाखवावी लागते, तीही गाण्यात, सहसा सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत. म्हणजे बघा, एकाच वेळी डोक्यात गणित चाललंय, तोंडात यमक जुळतंय, हात डफावर आहे, आणि समोर हजारभर माणसं तंबाखू मळत तुमच्याकडे बघतायत. व्हायवा परवडली.

आणि हे सगळं कुठून शिकायचं? गुरूकडून, आणि बाडातून. बाड म्हणजे हातानं लिहिलेली वही, कवनांची आणि त्यांच्या अर्थांची. ती सहजासहजी कुणाला दाखवायची नाही, कारण सवाल एकदा बाहेर फुटला की त्याची किंमत संपली. पेपरफुटीसारखंच हे. एक गोष्ट मला इथं फार मोलाची वाटते. तमाशाच्या फडावर उभं राहणारे पुष्कळसे कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजातले होते. ज्यांना पोथी शिवायला बंदी, त्यांच्याच तोंडात सांख्यांची तत्त्वं आणि पुराणांतल्या वंशावळी पाठ होत्या, आणि त्यावर ते भर जत्रेत एकमेकांना अडवत होते. रेठऱ्याचा कुलकर्ण्यांचा मुलगा या फडाकडे ओढला गेला, तेव्हा त्यानं घर आणि जात दोन्ही पणाला लावली. पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर त्यानं फड गाजवला. कोड्यातली पैज तर त्यापुढे लहानच म्हणायची.

तरी पैज होतीच. आता तीच बघू. राजस्थान-माळव्यात याच परंपरेला तुर्रा-कलंगी म्हणतात. तिकडे सांगतात की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांची चंदेरीच्या राजासमोर जुगलबंदी झाली. राजा खूश झाला आणि त्यानं आपल्या मुकुटावरचा तुरा एकाला दिला, कलगी दुसऱ्याला. गोष्ट खरी की खोटी ते सोडा, पण तिच्यात एक गंमत आहे. राजानं निकाल दिलाच नाही! दोघांनाही बक्षीस दिलं, आणि भांडण पिढ्यानपिढ्या चालू राहिलं.

आपल्याकडच्या फडावर मात्र निकाल लागायचा. जुन्या गोष्टींत हरलेल्यानं डफ खाली ठेवायचा, डफाला बांधलेला तुरा किंवा कलगी उतरवून द्यायची, अशा शर्ती ऐकू येतात. शाहिराला डफ म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. डफ गेला म्हणजे पोट गेलं. मराठी सिनेमानं हा ऐवज मनसोक्त वापरलाय. 1947 च्या 'लोकशाहीर रामजोशी'पासून 1964 च्या 'सवाल माझा ऐका'पर्यंत. दुसऱ्याच्या तर नावातच सवाल आहे. सिनेमात पैज नेहमी चढवलेली असते, ते धरून चाला. पण सिनेमा नसतानाही एक पैज होतीच, आणि ती रोजची होती. यात्रेत दोन फड आले आणि एक निरुत्तर झाला, की ती बातमी पुढच्या गावच्या यात्रा कमिटीपर्यंत फडाच्या आधी पोचायची. मग सुपारी कुणाला मिळणार?

निकाल द्यायला पंच असले तरी खरा निकाल द्यायचे ते ऐकणारे. ही गोष्ट बारकाईनं बघा, कारण इथंच आपल्या कलगी-तुऱ्यात आणि राक्षसांच्या गोष्टींत फरक पडतो. ऐकणाऱ्याला उत्तर आधी माहीत नसलं तरी चालतं, पण उत्तर ऐकल्यावर 'हां, बसलं!' असं त्याला वाटलं पाहिजे. आकडे जुळले पाहिजेत, कथा पुराणात सापडली पाहिजे. म्हणजे सवाल प्रामाणिक असावा लागतो.

आता त्या जनकाच्या दारात उभ्या असलेल्या पोराकडे परत जाऊ. कारण कलगी-तुऱ्याचा सख्खा पणजोबा शोधायचा तर मी त्याच्या गोष्टीकडेच बोट दाखवीन. पोराचं नाव अष्टावक्र. अंग आठ ठिकाणी वाकडं, वय बारा वर्षं. त्याचा बाप कहोड जनकाच्या दरबारात गेला होता. तिथं बंदी नावाचा पंडित होता, त्याच्याशी वाद घालून हरला. पैज अशी की हरणाऱ्याला पाण्यात बुडवायचं. कहोड बुडाला. पोटात असलेल्या पोराला हे कुणी सांगितलं नाही. बाराव्या वर्षी कळलं, तसा तो आपला मामा श्वेतकेतू याच्याबरोबर थेट दरबारात निघाला.

दारावर द्वारपालानं अडवलं. लहान पोरांना आत सोडत नाहीत म्हणाला. अष्टावक्रानं त्याच्याशी हुज्जत घातली आणि शेवटी राजानंच त्याची परीक्षा घेतली. वर्षाचं ते चाकाचं कोडं तिथलं. मग राजानं आणखी विचारलं: झोपताना डोळे कोण मिटत नाही? मासा. जन्मल्यावर हालचाल कोण करत नाही? अंडं. काळीज कुणाला नाही? दगडाला. वेगानं कोण वाढतं? नदी. पोरगं पास झालं आणि आत गेलं.

आत बंदीबरोबर जो सामना झाला तो निव्वळ आकड्यांचा. बंदीनं 'एक'पासून सुरुवात केली: अग्नी एकच, तरी अनेक ठिकाणी पेटतो, सूर्य एकच, तो सगळं उजळतो. अष्टावक्रानं 'दोन' घेतला: अश्विनीकुमार दोन, रथाची चाकं दोन, नवरा-बायको दोन. बंदीनं तीन घेतला, यानं चार. असं वर वर चढत गेले. सातावर बंदीनं सप्तर्षी आणि सात छंद सांगितले, आठावर यानं अष्टवसू सांगितले. दहाला दिशा, अकराला रुद्र, बाराला महिने. प्रत्येक आकड्याला एक नाही, तीन-चार दाखले द्यायचे आणि तेही श्लोकात. तेरावर पाळी बंदीची. त्यानं अर्धा श्लोक म्हटला: तेरावी तिथी, तेरा द्वीपांची पृथ्वी... आणि थांबला. पुढचं सुचेना. उरलेला अर्धा अष्टावक्रानं पुरा केला.

बस. एवढ्यावर निकाल. कुणी चूक दाखवली नाही, कुणी रागावलं नाही. बंदी गप्प झाला म्हणजे हरला. फडावरही अगदी हेच होतं. चुकीचं उत्तर एकवेळ रेटून नेता येतं, पण पाळी आली आणि डफ वाजतच राहिला, तोंड उघडलं नाही, की संपलं.

आता पैज फिरते. अष्टावक्र म्हणतो, यानं ज्याला त्याला बुडवलं, आता यालाच बुडवा. तेव्हा बंदी सांगतो की मी वरुणाचा मुलगा. माझ्या बापाचं बारा वर्षांचं यज्ञसत्र चाललंय, त्यासाठी मी पंडित खाली पाठवत होतो. आणि खरोखरच बुडवलेले सगळे पाण्यातून वर येतात, कहोडसुद्धा. जिंकणाऱ्याला बाप परत मिळतो, हरणारा आपणहून समुद्रात जातो. बारा वर्षं बापाविना वाढलेल्या पोराच्या बाजूनं विचार केला तर याहून मोठं बक्षीस नाही.

या गोष्टीतला एक धागा धरून आता जरा बाहेर पडू. विचारणारा जेव्हा माणूस नसतो, तेव्हा हरल्यावर तो जिवंत राहत नाही किंवा जागेवर राहत नाही. ग्रीसमधली स्फिंक्स थीब्ज शहराच्या वाटेवर बसायची, कोडं घालायची, उत्तर आलं नाही की माणूस खायची. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन पायांवर चालणारा तो कोण? ईडिपसनं सांगितलं: माणूस, रांगणारा, चालणारा आणि काठी घेतलेला. उत्तर मिळताच तिनं कड्यावरून उडी टाकली. कोडं हीच तिची ताकद होती, ते फुटलं की ती संपली. बाडातला सवाल फुटला की शाहिराचं जे होतं तेच, फक्त फार वाईट रीतीनं.

पण ईडिपसची खरी पैज तर पुढेच होती. शहर वाचवणाऱ्याला गादी आणि विधवा राणी मिळणार, असं जाहीर झालं होतं. त्यानं दोन्ही घेतलं. राणी त्याची सख्खी आई निघाली. कोड्याचं उत्तर 'माणूस' असं सांगणाऱ्याला स्वतः कोण ते ठाऊक नव्हतं. बक्षिसातच फास होता.

यक्षाची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. तळ्याचं पाणी प्यायच्या आधी प्रश्नांची उत्तरं द्या म्हणाला. चार पांडवांनी ऐकलं नाही आणि आडवे झाले. धर्मराजानं उत्तरं दिली. गंमत म्हणजे मासा, अंडं, दगड आणि नदी हे जनकाचे चारही प्रश्न यक्षानंही विचारलेत. म्हणजे तेव्हाही प्रश्नांचा साठा ठरलेला होता आणि एकाच बाडातून दोघं विचारत होते म्हणा ना! पण खरी परीक्षा प्रश्न संपल्यावर झाली. एकच भाऊ उठवतो, सांग कोणता, असं यक्ष म्हणाला. धर्मराजानं भीम-अर्जुनाला सोडून नकुलाला मागितलं, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक राहू दे. याचं उत्तर कुठल्याच बाडात नव्हतं.

वेताळानं तर सगळा नियमच उलटा करून टाकला. विक्रम राजा त्याला खांद्यावर घेऊन चाललाय, तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. आणि बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे जितका हुशार तितका अडकलेला. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा यांची लग्नं अशी होतात की बापाला मुलगी मिळते आणि मुलाला तिची आई. त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला खरंच सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि सुटतो. बंदी गप्प बसून हरला, विक्रम गप्प बसून जिंकला. मामा, आत्या, दीर, भावजय अशी नात्यांची इतकी वेगळी नावं असणाऱ्या आपल्या भाषेत हे कोडं एकदा कागद घेऊन मांडून बघा. डोकं फुटायची वेळ येते, ती वेताळाशिवायच.

राजांचं वागणं जरा वेगळं. ते सहसा पैज लावतात, स्वतः अडकत नाहीत. बृहदारण्यक उपनिषदात याच नावाच्या, विदेहाच्या जनकानं हजार गाई बांधल्या, त्यांच्या शिंगांना सोनं लावलं आणि म्हणाला, तुमच्यात जो सगळ्यात मोठा ब्रह्मज्ञ असेल त्यानं न्याव्यात. याज्ञवल्क्यानं वाद सुरू व्हायच्या आधीच शिष्याला सांगितलं, हाक गाई! मग बाकीच्यांनी त्याला एकेकानं घेरलं. गार्गीनं विचारत विचारत त्याला पार कडेला नेलं, तेव्हा तो म्हणाला, याहून पुढे विचारशील तर डोकं गळून पडेल. ती त्या वेळी थांबली. शाकल्य थांबला नाही. त्याचं डोकं खरंच पडलं. गाई एकीकडे, डोकं दुसरीकडे, आणि जनक बसून ऐकतोय. पर्शियन कथांत आणि पुढे पुच्चिनीच्या 1926 च्या 'तुरांदोत' ऑपेरात राजकन्या तीन कोडी घालते. सुटली तर लग्न, नाहीतर शिरच्छेद. आपल्याकडच्या लग्नात घास भरवताना अडवून 'नाव घ्या' म्हणतात, त्याचीच ही भयंकर आवृत्ती असं माझं मत. आपल्याकडे उखाणा नाही आला तर फार तर मावश्या चिडवतात.

आता तो प्रामाणिकपणाचा मुद्दा राहिला होता. कोडं खोटं आहे हे कसं ओळखायचं? विचारणाऱ्याशिवाय ते जगात कुणालाच माहीत असू शकत नाही, यावरून. नॉर्स पुराणात ओडिन देव वेश बदलून वाफथ्रुडनिर या राक्षसाकडे जातो. पैज डोक्याची. बराच वेळ जगाच्या उत्पत्तीवर खरेखुरे प्रश्न होतात, राक्षस सगळ्यांची उत्तरं देतो. मग ओडिन विचारतो, बाल्डर मेला तेव्हा चितेवर ठेवायच्या आधी ओडिन त्याच्या कानात काय पुटपुटला? हे ओडिनशिवाय कुणाला माहीत असणार? राक्षस लगेच ओळखतो की समोर कोण आहे, आणि हरतो. बायबलमधला सॅमसनही तसाच. मेलेल्या सिंहाच्या अंगात मधमाश्यांचं पोळं त्यानं एकट्यानं पाहिलं होतं, त्यावर लग्नाच्या जेवणावळीत तीस पाहुण्यांना कोडं घातलं. पैज तीस जोडी कपड्यांची. त्यांनी त्याच्या बायकोला धमकावून उत्तर काढलं. दोन्ही बाजूंनी चीटिंग. सॅमसन चिडला, त्यानं तीस माणसं मारून त्यांचे कपडे आणले आणि पैज फेडली. कपड्यांची पैज होती, मुडदे पडले.

असा सवाल आपल्या फडावर चालला नसता. 'माझ्या गुरूनं माझ्या कानात काय सांगितलं' असं एखाद्या तुरेवाल्यानं विचारलं असतं, तर पब्लिकनं त्याला तिथंच उठवलं असतं. ओडिनसमोर प्रेक्षक नव्हते, सॅमसनसमोर फक्त ज्यांना हरायचं नाही असे पाहुणे होते. शिवाय कलगी-तुऱ्याला एक अडचण होती जी राक्षसाला नसते: समोरचा कायमचा संपला तर पुढच्या वर्षी सवाल टाकायचा कुणाला? तुरेवाल्याला कलगीवाला लागतो. शिव मोठा की शक्ती, याचं उत्तर कधीच लागलं नाही, आणि कुणी ते मनापासून लावायला बघितलंही नसावं. स्फिंक्सला हे कधी सुचलं नाही.

जाता जाता एक सवाल. नियमाप्रमाणे प्रामाणिक आहे, सगळ्या खुणा बाहेर दिसणाऱ्या आहेत, आणि सातारा-सांगलीच्या पोरांना यायलाच पाहिजे. एका गोमुखातून पाच जणी निघाल्या. एकीनं सगळ्यांकडे पाठ केली आणि खाली उतरून दर्या गाठला. एकीला थोरलीनं साताऱ्याच्या वेशीवर कवेत घेतलं. एक डोंगराआडून लांब फिरून आली आणि थोरलीला समोरासमोर भिडली. त्या जागेला लोक प्रेमाचं नाव देतात. थोरली पुढे चालत राहिली, आणि सांगलीजवळ एक सहावी, जी त्या घरची नव्हतीच, तीही तिला येऊन मिळाली. सहाही जणींची नावं सांगा, तीन भेटींच्या जागा सांगा. आणि पाचांतली जी या हिशोबात कुठंच आली नाही, ती कुणाबरोबर गेली म्हणतात?

नाही आलं तर डफ खाली ठेवा.